बाराशे किलो आंबेमोहर

घोटावड्याला आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हाची ही गोष्ट. नवरा हिंजवडीच्या कंपनीत, आणि मी घरी बसून जर्मनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जर्मनमध्ये भाषांतरं करायचे. कथा-कविता नव्हे. बिलं, दरपत्रकं, यंत्रांच्या सुट्या भागांच्या याद्या. घोटावडे-पिरंगुटच्या आसपास कारखाने पुष्कळ. त्यातल्या बऱ्याच जणांची यंत्रं जर्मनीहून आलेली, त्यामुळे काम कधी कमी पडलं नाही. लोकांना वाटतं, यात काय, सगळे आकडेच तर असतात. हे वाक्य कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आणि तेच वाक्य एके दिवशी मी स्वतः बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आकडे हेच तर सगळ्यात फसवं प्रकरण. जर्मन माणूस एक हजार चारशे पंच्याहत्तर युरो लिहितो तेव्हा हजारानंतर टिंब देतो आणि पैशांच्या आधी स्वल्पविराम: १.४७५,००. आपण बरोबर उलटं करतो. त्यात आपली लाखाची पद्धत वेगळी. सव्वा लाख आपण १,२५,००० लिहितो, तिकडच्या माणसाला ते एक, मग पंचवीस, मग काहीतरी भलतंच दिसतं. पुन्हा त्यांच्या दरपत्रकात किंमत कधी एका नगाची असते, कधी शंभर नगांची, आणि ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते सुटलं तर चाळीस पैशांचा वायसर चाळीस रुपयांना जातो. तारखांचं वेगळं. अमेरिकेचं बिल असेल तर महिना आधी, दिवस नंतर. जर्मन माणूस बऱ्याचदा तारीखच देत नाही, वर्षाचा कितवा आठवडा ते सांगतो. आणि युरोचे रुपये करून द्यायचे नाहीत, कितीही मागे लागले तरी. भाव रोज हलतो, आज केलेला हिशेब उद्या खोटा. रक्कम मूळ चलनातच ठेवायची. सुट्या भागाच्या क्रमांकात टिंब असेल तर त्याला हातसुद्धा लावायचा नाही, कारण ती संख्या नसते, ते त्या भागाचं नाव असतं. एवढं सगळं मला पाठ. आणि त्याचा मला माज होता. सांगायला लाज वाटते, पण होता.

घरमालकीण म्हणजे साठीच्या मावशी. घराणं गावातलं जुनं, जमीन बरीच. थोडी विकून वर चार खोल्या काढलेल्या, त्यातल्या दोन आमच्याकडे. मावशींचं बोलणं रोखठोक. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "भाडं एक तारखेला लागतं आमाला. दोन तारखेला आलं तर मी वर येती, आन् मी वर आले की लई बोलती." त्यांची सून तिशीची, बारावी झालेली, मावळातल्या एका खेड्यातून आलेली. हुशार पोर. गावातल्या बायकांच्या बचत गटाची ती सचिव होती, आणि तो गट नुसते पापड लाटत बसू नये म्हणून तिची धडपड चाललेली असायची. मावशींना ते फारसं पसंत नव्हतं. "आमी काय उपाशी मेलो व्हतो व्हय, ह्यो गट न्हवता तवा?" असं त्या तिच्या समोरच म्हणायच्या. मला ती ताई म्हणायची. मावशी मात्र अगदी शेवटच्या दिवसापर्यंत मॅडमच म्हणाल्या.

त्या वर्षी तिच्या हाताला एक मोठी गोष्ट लागली. शेजारच्या कारखान्यात एक जर्मन इंजिनिअर काही महिने राहून गेला होता. मावशींकडे जेवायला यायचा. मुळशीचा आंबेमोहर त्याच्या जिभेवर असा बसला की परत गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं. तिचं तिकडे छोटंसं दुकान. तिने मागणी पाठवली, दुकानाच्या छापील कागदावर, जर्मनमध्ये. सुनेने सगळ्या गटासमोर फोन उंच धरून दाखवला म्हणे. मावशी तेव्हा एवढंच म्हणाल्या की जमलं तर जमलं, न्हाई जमलं तर हे गटाचं खूळ बंद, सचिवपद दुसरीला द्यायचं आणि हिने घरातलं बघायचं. त्या गटात निम्म्या मावशींच्या जावा आणि पुतण्यांच्या बायका होत्या, बोलणार कोण?

त्या कागदाची प्रत काढून ती आधी माझ्याकडेच आली होती. दुपारची वेळ. मी एका पंप कंपनीच्या दरपत्रकात गळ्यापर्यंत बुडालेली. शेकडो ओळी, त्यातल्या काही शंभर नगांच्या आणि काही एका नगाच्या, संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "ताई, एवढं बघता का? बाकी सगळं फोनवर घातलंय मी, कळतंय. फकस्त आकड्यांचं वाटतंय जरा."

आता खरं सांगते. त्याच महिन्यात मावशींनी भाडं वाढवलं होतं. मला त्याचा राग होता, आणि तो राग काढायला समोर कोण, तर ही. मनात आलं, भाडं वाढवताना नाही वाटलं काही, आता फुकटात भाषांतर हवंय. मी कागद हातातसुद्धा घेतला नाही. तिच्या हातातच असताना मान वाकडी करून किमतीच्या ओळीवर नजर टाकली. तिथे लिहिलं होतं ४,५०. म्हटलं, "हे साडेचार युरो, किलोला. त्यांच्याकडे टिंबाच्या जागी स्वल्पविराम असतो." ती खूश झाली, म्हणाली, "तेच मला वाटलं व्हतं." मग म्हणाली, "आन् वरचं?" मी स्क्रीनकडे वळले होते. म्हणाले, "अगं, बाकी आकडे म्हणजे आकडेच की. त्यांना काय भाषांतर लागतंय? फोन दाखवतो तेच. जा आता, मला काम आहे."

ती गेली. जाताना दार हळूच ओढून घेतलं, मला त्रास नको म्हणून.

त्यानंतर मी ते विसरून गेले. खाली गडबड चाललेली दिसायची, पण ती कशाची हे विचारलं नाही. मळणी झाली होती, पोती येत होती, भातगिरणीवाल्याचा टेंपो दोन-तीनदा दारात लागला. अर्धपॉलिश तांदूळ हवा असं त्या बाईने लिहिलं होतं म्हणे, म्हणून कोंडा पुरता न काढता भरडून आणला. असा तांदूळ चवीला चांगला पण टिकायला वाईट, पाखरं लवकर लागतात. गटातल्या प्रत्येक बाईने आपल्या घरचं भात घातलं होतं. वर्षाचं खायला ठेवलेलं, माहेरी पाठवायला ठेवलेलं, कुणी दिराकडून मागून आणलेलं. सून सगळ्यांच्या दारोदार फिरली होती. एकदा जिन्यात भेटली तेव्हा चेहऱ्यावर कोंड्याची धूळ. म्हणाली, "ताई, लई काम झालंय. पन बघा तुमी." मी म्हणाले, "छान, छान." बस्स. एवढंच.

मग संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. मावशींनी मोठं घातलं होतं. गटातल्या सगळ्या बायका, भावकीतल्या, शेजारच्या. मला खास निरोप आला. सुनेला माझ्याकडून एक पत्र हवं होतं, माल तयार आहे, कसा पाठवू, असं जर्मनमध्ये. पुण्याच्या एका एजंटाने म्हणे सांगितलं होतं की एवढा माल परदेशी जायचा तर परवाना लागतो, तपासणीचा दाखला लागतो, तेव्हा आधी त्या बाईकडून नीट लिहून घ्या. मी साडी नेसून खाली गेले. तिळगूळ घेतला, वाण घेतलं, कौतुक करून घेतलं. मावशी म्हणाल्या, "या मॅडम, माल बघून घ्या आमचा."

पडवीला लागून असलेल्या खोलीत तांदळाच्या पिशव्यांच्या दोन थप्प्या होत्या, जवळजवळ छताला लागलेल्या. पांढऱ्या कापडी पिशव्या, बायकांनीच शिवलेल्या. खोलीभर आंबेमोहराचा वास. दोन्ही थप्प्यांना हळदकुंकू वाहिलेलं. मी सहज विचारलं, "दोन वेगवेगळ्या का?"

सून पुढे आली. तिचा चेहरा असा फुललेला की काय सांगू. म्हणाली, "सहाशे-सहाशेचे दोन भाग मागितलेत त्यांनी. एकूण बाराशे किलो." आणि तिने तो कागद माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच माझ्या हातात आला तो.

मी वाचला. मागणी: १,२०० किलो. त्याच्या खाली: दोन पिशव्या, प्रत्येकी ०,६०० किलो. त्याच्या खाली: टपालाने छोटं पार्सल, मर्यादा २,००० किलोपर्यंत. आणि अगदी खाली, चव आवडल्यास पुढच्या मागणीसाठी भाव ४,५० युरो किलोला.

एक किलो दोनशे ग्रॅम. सहाशे ग्रॅमच्या दोन पिशव्या. दोन किलोच्या आत बसणारं टपालाचं पुडकं. बाईला चव बघायची होती.

आणि मी हसले. देवाशपथ सांगते, मला कुणाची टर उडवायची नव्हती. ज्याचा धंदा आकड्यांचा त्याला अशी चूक दिसली की आतून हसू फुटतंच, मित्रमैत्रिणींत अशाच चुका सांगून आम्ही हसतो. पण ते हसू तोंडातून मोठ्याने बाहेर पडलं. वर मी बोललेसुद्धा, "अगं बाई, बाराशे किलो कुठलं? सव्वा किलोसुद्धा नाही! सॅम्पल मागितलंय त्यांनी!"

खोलीत पंचवीस-तीस बायका असतील. एकीच्या हातातला हळदीकुंकवाचा करंडा तसाच राहिला. सून म्हणाली, "काय म्हनता ताई?" आणि मी, हात दाखवून अवलक्षण, तिला तिथंच सगळ्यांच्या देखत समजावून सांगायला लागले. म्हणाले, "हे बघ, खाली किंमत वाचलीस तेव्हा स्वल्पविराम म्हणजे टिंब हे तुला कळलं. मग वरच्या ओळीत तोच स्वल्पविराम हजाराचा कसा होईल? एका कागदावर एक चिन्ह एकच काम करतं. वजन ते ग्रॅमपर्यंत लिहितात, म्हणून पुढे तीन आकडे. आणि हे शून्य बघ पुढचं. सहाशेच्या आधी कुणी शून्य आणि स्वल्पविराम लावतं का?"

ती त्या शून्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मला वाटलं छपाईत चुकून पडलंय." मग हळूच म्हणाली, "दोन सहाशे बाराशे जुळत व्हतं ना. आन् फोननं पिशव्यांचं भाग केलं व्हतं, पार्सलाची गाडी; गाडीला दोन हजार किलोची मर्यादा, ते बी बसत व्हतं."

खरंच जुळत होतं. तेच तर या चुकीचं वैशिष्ट्य. चुकीच्या वाचनातही सगळा कागद एकमेकांशी जुळतो; चव आवडली तर पुन्हा मागवू, हेसुद्धा. साडेचारमध्ये स्वल्पविरामापुढे दोनच आकडे, ते आपल्याला परकं दिसतं, म्हणून आपण थांबून विचार करतो. १,२०० आपल्यासारखंच दिसतं, म्हणून कुणी थांबत नाही. मी स्वतः नवशिकी असताना या खड्ड्यात पडता पडता वाचले होते. मी हे तिला दारातच दोन मिनिटांत सांगू शकले असते.

मावशी उठल्या. म्हणाल्या, "म्हंजी? एवढं भात भरडलं ते?" कुणीतरी मागून म्हणालं, "आमच्या तर घरात शिल्लकच न्हाई काय." दुसरी म्हणाली, "माझ्या दिराला काय सांगू मी? पाच लाख येनार म्हनून त्याच्याकडनं आनलं." आणि मग सुरू झालं. मावशी ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साध्या आवाजात सगळ्यांना सांगायला लागल्या की मी पहिल्यापासून सांगत होते, मोबाईलवर धंदा होत नसतो, पण आजकाल ऐकतंय कोण, दोन बुकं शिकली की सासू अडाणी. सून खाली मान घालून उभी. हातात तिळगुळाचं ताट.

त्या वेळी माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे बघत नाहीये. मुद्दाम बघत नाहीये. तिने माझ्याकडे एकदा जरी बघितलं असतं तरी सगळ्यांना कळलं असतं की या दोघींत काहीतरी झालंय. ती बघत नव्हती, कारण तिला मला वाचवायचं होतं.

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मावशी, तिला बोलू नका. चूक माझी आहे. ती आधी माझ्याकडे आली होती हा कागद घेऊन. मी बघितला नाही. आकडे आहेत तसेच घे, असं मीच सांगितलं तिला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, घेऊ. पण मावशींचा चेहरा मवाळ झाला. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमी तिला पाठीशी घालू नका."

"पाठीशी नाही हो, खरंच सांगतेय. विचारा तिला."

"काय विचारायचं? तुमचं काम काय, तुमी किती बारीक बघता, आमाला म्हाईत न्हाई व्हय? कंपनीवाले गाड्या घिऊन येत्यात तुमच्याकडं. तुमी आसलं सांगाल?" आणि त्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "बघा. शिकलेलं मानूस कसं आसतं. दुसऱ्याची चूक आपल्या पदरात घेती." एक म्हातारी मान हलवून म्हणाली, "व्हय बाई, मन मोठं लागतं त्येला." तिने माझ्या कपाळावर पुन्हा एकदा कुंकू लावलं.

मी आणखी एकदा सांगून बघितलं. अगदी त्या दुपारचं दरपत्रक, किमतीची ओळ, सगळं सांगितलं. जेवढं सांगावं तेवढा माझा मोठेपणा वाढत चालला. सुनेला मावशींनी विचारलंसुद्धा, "व्हय गं, ह्यांनी सांगितलं व्हतं?" सून म्हणाली, "मीच नीट इचारलं न्हाई." यात खोटं काहीच नव्हतं आणि खरंही नव्हतं. आणि मला, लाज वाटते लिहायला, आत कुठेतरी बरं वाटलं. सुटल्यासारखं. दोनदा सांगितलं, आता त्यांनीच मानलं नाही तर मी काय करू, असं मनाला समजावत मी जिना चढले. वर जाऊन दार लावलं आणि वाणात मिळालेली स्टीलची वाटी टेबलावर ठेवली. त्या वाटीकडे बघवेना मला.

त्यानंतर मी जिवाचं रान केलं, हे मात्र खरं. त्या जर्मन बाईला पत्र लिहिलं. सव्वा किलो नव्हे, बरोबर एक किलो दोनशे ग्रॅम तांदूळ, दोन पिशव्या, कागदपत्रं कोणती लागतात ते टपाल कार्यालयात आधी विचारून पाठवला. तिचं उत्तर आलं, तांदूळ सुरेख आहे, दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारून बघते. त्यापुढे काही आलं नाही. बाकीच्या तांदळासाठी मी जांबे-हिंजवडीकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर लिहिलं. नवऱ्याच्या ऑफिसात सांगितलं. रविवारी आम्ही पिशव्या गाडीत टाकून सोसायट्यांच्या गेटापाशी टेबल मांडायचो. परभणी-लातूर-जळगावकडची पोरं, पोरी, संसारी माणसं, वास घेऊनच घ्यायची. पाखरं लागायच्या आत बराच माल गेला. साडेचार युरो कुठले, पण भात घातलेल्या कुणाही बाईला तोटा सोसावा लागला नाही. शेवटी थोडा उरला तो सगळ्यांनी वाटून घेतला.

हे सगळं झालं म्हणून सुटका झाली, असं नाही. टेबलापाशी मावशी येऊन बसायच्या आणि गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायच्या. "ह्या आमच्या मॅडम. ह्यांनीच वाचवलं आमाला, न्हाईतर सुनेनं बुडवलं व्हतं." सून शेजारीच काट्यावर तांदूळ जोखत असायची. मी म्हणायचे, "मावशी, नका ना असं." गिऱ्हाईक हसायचं. दोन-तीन रविवारांनंतर मी "नका ना" म्हणणंही सोडलं. किती वेळा तेच तेच म्हणणार? म्हणजे असं मी स्वतःला विचारायचे. खरं तर ऐकायची सवय झाली होती.

गटाची बैठक झाली तेव्हा सचिवपद मावशींच्या एका पुतणसुनेकडे गेलं. मी बैठकीला गेले होते, बोललेही की हिलाच ठेवा, हिच्याइतकी धडपड कुणी करत नाही, मी आकडे बघून देत जाईन, फुकट. बायकांनी माझं शेवटचं वाक्य तेवढं धरलं. मॅडम बघून देणार म्हणल्यावर कुणीही चालेल की मग! नव्या बाईचं काम मी पुढे बघत गेले. ती माझ्याकडे यायची, कागद माझ्या हातात द्यायची, मी एकेक आकडा तपासायचे. सून गोठ्याकडे जाताना जिन्याखालून जायची. एकदा मी तिला हाक मारून म्हणाले, "ये ना, बस, तुलाही दाखवते कसं वाचायचं ते." ती म्हणाली, "धार काढायचीय ताई." दुपारचे बारा वाजले होते. बाराला कोण धार काढतं?

तिच्याशी नीट बोलायचं धाडस मला झालं नाही. माफी मागायची तर काय म्हणून मागायची? मी सांगितलं होतं ना सगळ्यांसमोर. तिनेही ऐकलं होतं. माझी बाजू कागदावर अगदी स्वच्छ होती.

पुढे जांब्याला आमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि आम्ही घोटावडं सोडलं. सामान गेलं, नवरा टेंपोबरोबर पुढे गेला. मावशींनी मला थांबवून घेतलं. "आशी कशी जाशील? लेकीसारकी ऱ्हायलीस." त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला पाटावर बसवलं आणि सुनेला हाक मारली, "हिची वटी भर गं. चांगली पसाभर भर. तिच्यामुळं अब्रू ऱ्हायली आपली."

सून आली. सुपात नारळ, खण, हळकुंड, सुपारी आणि तांदूळ. तोच आंबेमोहर, वाटणीतून उरलेला. वास आला की कळलंच. मी पदर पसरला. तिने नारळ ठेवला, खण ठेवला, आणि मग ओंजळ ओंजळ तांदूळ घालायला लागली. मावशी कुंकवाचा करंडा आणायला आत गेल्या. दोघीच होतो. मी म्हणाले, "मी त्यांना खरं सांगितलं होतं गं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही तिचा. "आकडा चुकला त्याचं कायबी न्हाई ताई. बारावी झाली म्हनून मला सगळं कळतंय, आसं मला बी वाटत व्हतं. पन तुमी हसायला नको व्हतं."

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. "भरली का? आता पाया पड त्यांच्या. मोठ्या हायेत तुज्यापरीस."

नको, नको म्हणाले मी. पण पदर तांदळाने जड झालेला, सोडला असता तर सगळं जमिनीवर सांडलं असतं. दोन्ही हातांनी तो धरून मी बसून राहिले, आणि ती खाली वाकली.